नदी वाचवायची तर धर्म बाजूला ठेवा?

घटप्रभाकाठी: सगळ्या धर्मांनी नदीत टाकायलाच शिकवलं. निर्माल्य टाका, राख टाका. पाण्याला परत काय द्यायचं, हे कुणी सांगितलंय? नदी वाचवायची तर धर्म बाजूला ठेवा.

अथणीकर: शेजारच्या जैन घराची विहीर कधी बघितलीय का? पाणी घट्ट विणीच्या दुहेरी फडक्यातून गाळतात. फडकं पिळत नाहीत, पिळलं की त्यात अडकलेले जीव चिरडतात. ते उलटं धरून गाळलेल्या पाण्यानं धुतात. धुतलेलं ते जिवांसकट पाणी म्हणजे जिवाणी. ती त्याच विहिरीत परत सोडतात, दुसऱ्या विहिरीत नाही. वरनं ओततही नाहीत, पडताना जीव मरतात. बादलीच्या बुडाला कडी असते. बादली पाण्याला टेकली की कडीचा दोर ओढून हळूच कलती करायची. गाळलेलं पाणी 48 मिनिटांनी पुन्हा गाळायचं.

खानापूरवाला: विहिरी राहिल्यात कुठं ओ? बोअरच्या सहा इंची पाइपात ही बादली उतरवून दाखवा.

अथणीकर: उतरत नाही, म्हणूनच व्रती माणसं बोअरचं पाणी घेत नाहीत. मुनींच्या आहाराला विहिरीचंच लागतं.

निपाणीकर: फडक्यातनं जंतू आरपार जातात. शास्त्र शिका जरा.

अथणीकर: सुटे जंतू जातात, खरं आहे. पण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. बांगलादेशात जुनी सुती साडी चार घड्या घालून पाणी गाळायला लावलं, तर पटकी जवळपास निम्म्यानं घटली. तो अभ्यास 2003 साली छापून आलाय. शिकवायला येताना वाचून या!

निपाणीवहिनी: आमच्याकडे नगरपालिकेचं पाणी येतं. जिवाणी सोडायची कुठं? नळात?

अथणीकर: वहिनी, त्यात क्लोरीन असतं. मूळ जागाही हाताशी नाही. यावर जाणत्यांचंही एकमत नाही.

कुडचीकर: फक्त विहिरीवरच बोलणार का? पैगंबरसाहेब वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं, एका मुद्दात करायचे. मुद्द हे माप पाऊण लिटरच्या आतलं. वाहत्या नदीवर बसलात तरी जास्त पाणी वापरू नका, अशीही हदीस आहे. तिची सनद, म्हणजे ती सांगत आलेल्यांची साखळी, काही उलेमा कमकुवत मानतात, मुद्दाची मात्र पक्की आहे. आता मशिदीत तोटी सोडून पाय धुतात, तेवढ्यात चार-पाच लिटर जातं. बदना, म्हणजे वजूचा लोटा, भरून घेतला की पाणी आपोआप मापात राहतं. चूक तोटीची आहे, दीनची म्हणजे धर्माची नाही.

घटप्रभाकाठी: बरं, जिवाणीचं मानलं. पण नदीत निर्माल्य टाकणारे तुमचं ऐकतात का? फुलं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे तडफडतात.

अथणीकर: मग फुलं खतात घाला, धर्म कशाला टाकताय?

खानापूरवाला: आधी हे सांगा, जुनी विहीर बुजवून तिथंच बोअर मारणारे कोण? त्यात श्रावकही आहेत. जिवाणीचा दोर दाखवता, मग विहीर बुजवताना आतल्या जिवांचा हिशेब कुणी केला?

अथणीकर: बुजवू नये, हे मलाही मान्य आहे. पण पाणी साडेचारशे फुटांवर गेल्यावर घरच्यांनी प्यायचं काय, तेही सांगा.