मदत हवी आहे: नव्या सहकाऱ्यांच्या स्वागताचा मजकूर

आमच्या अंधेरीतील कार्यालयाच्या हिशेब विभागात सोमवारी एक नव्या सहकारी रुजू होत असून, विभागाच्या व्हॉट्सॲप गटासाठी स्वागताचा मजकूर मी नव्याने लिहीत आहे. जुन्या मसुद्यातील ‘मेहनती, उत्साही’ ही विशेषणे कोणालाही चालतील अशी होती, म्हणून ती काढून मी लिहिले: ‘पुरवठादारांची बिले आणि जीएसटीआर-२बी यांतील तफावत शोधून ती मिटवण्यात त्यांचा हातखंडा आहे, बिल अडले, तर त्यांना जरूर विचारा.’ यामुळे कोणत्या कामासाठी त्यांच्याकडे जायचे हे कळते. परंतु सध्या हेच काम मन लावून करणारे एक ज्येष्ठ सहकारी विभागात आहेत आणि त्यांना हे वाक्य खटकू नये, असे मला मनापासून वाटते.

लोकलमध्ये त्या रोज शब्दकोडे सोडवतात, हे लिहिण्यास त्यांची परवानगी आहे. वय, कुटुंब व राहण्याचे ठिकाण मात्र लिहायचे नाही. शब्दकोड्याचे वाक्य शेवटी ठेवले, तर ते चिकटवल्यासारखे वाटते.

मजकूर ऐंशी शब्दांत बसवायचा असल्यास शब्दकोड्याचा उल्लेख कौशल्याच्या वाक्यातच कसा गुंफावा आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांचा मान राखून ते वाक्य कसे लिहावे?