मदत हवी आहे: मिक्सरच्या माहितीपुस्तिकेत ‘वॉर्निंग’ आणि ‘कॉशन’साठी कोणते शब्द ठेवू?

नमस्कार मंडळी. एका मिक्सरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. मूळ इंग्रजीत इशाऱ्यांच्या चार पायऱ्या आहेत. डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग म्हणजे तशी इजा होऊ शकते. कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा, आणि नोटिस म्हणजे फक्त वस्तूचं नुकसान.

जुन्या मराठी आवृत्तीत वॉर्निंगला कुठे ‘सावधान’, कुठे ‘इशारा’ आहे, आणि कॉशनलाही ‘सावधान’च! त्यामुळे शॉक बसून जीव जाण्याची भीती आणि गरम भांड्याचा चटका एकाच पायरीवर आलेत. मी धोका, इशारा, खबरदारी, सूचना असे चार शब्द ठरवलेत. पण ‘सूचना’ हा शब्द साध्या वापराच्या मजकुरातही येतो, म्हणून तिथे अडलेय. ‘नुकसान टाळा’ चालेल का?

दुसरा प्रश्न वाक्यांचा. जुनं वाक्य असं: ‘पातं पूर्णपणे थांबल्याशिवाय झाकण काढले जाऊ नये.’ दोन नकार आहेत आणि कोणी काय करायचं ते कळत नाही. मी केलंय: ‘स्विच बंद करा. पातं थांबू द्या. मगच झाकण काढा. फिरत्या पात्याने बोटं कापू शकतात.’ संपादकांना हे ‘फार हुकमी’ वाटतं, ‘कृपया’ घाला म्हणतात. माझ्या मते इशाऱ्यात ‘कृपया’ आलं की ती विनंती वाटते. अशा पुस्तिका केलेल्यांनी हे कसं सोडवलंय?