मदत हवी आहे: सहा महिन्यांच्या रजेचा ऑटो-रिप्लाय

चाकणकरीण:
खरेदी विभागात आहे. १ डिसेंबर २०२५ पासून २६ आठवडे बाळंतपणाची रजा. आउटलुकमध्ये हे लावणार आहे, वाचून सांगा:

"नमस्कार, मी १ जूनपर्यंत रजेवर आहे. बिलांसंबंधी माझ्या सहकाऱ्याशी संपर्क साधावा (नाव, मोबाइल)."

सहकाऱ्याचा मोबाइल द्यावा का? त्याची कुरकुर चालू आहे.

बापू६२:
एवढा विचार कशाला? प्रत्येक मेलला उत्तर आपोआप जातं. रजेचं कारणही लिहा, लोक समजून घेतात.

खिडकीपलीकडे:
बापू, प्रत्येक मेलला नाही. आउटलुक एका माणसाला एकदाच उत्तर पाठवतं. डिसेंबरात ज्याला गेलं, त्याला मार्चमध्ये काहीच जात नाही.

ताई, तुमच्या मजकुरात "१ जूनपर्यंत" हा घोळ आहे. त्या दिवशी तुम्ही आहात की नाही? २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, ते रविवारी ३१ मे ला संपतात. मग सरळ लिहा: "सोमवार, १ जून २०२६ रोजी पुन्हा रुजू होईन." कारण लिहू नका, बाहेरच्यांना तर मुळीच नको.

मोबाइलऐवजी विभागाचा सामायिक मेल-पत्ता द्या. सहकारी फेब्रुवारीत बदलून गेला तर मोबाइल फुकट, आणि ज्यांना जुनं उत्तर मिळालंय त्यांना नवं आपोआप जात नाही. तरीही मजकूर बदलावाच लागला, तर ऑटो-रिप्लाय एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा. मग कुणाकुणाला उत्तर गेलंय ती यादी पुसली जाते आणि सगळ्यांना नव्याने उत्तर जातं.

आणि `Outside My Organization` हा टॅब उघडून बघा. तिथे `My Contacts only` निवडलं असेल, तर ज्या पुरवठादाराचा पत्ता तुमच्या संपर्कयादीत नाही, त्याला उत्तर जाणारच नाही.

मीनल_ठाणे:
माझ्या जीमेलवर तर त्याच माणसाला परत गेलं होतं!

खिडकीपलीकडे:
जीमेलचं निराळं. तिथे त्याच माणसाने चार दिवसांनी पुन्हा मेल केला, तर पुन्हा उत्तर जातं.

मीनल_ठाणे:
अच्छा. बाकी मला रजेत पगार अर्धाच मिळाला होता, त्याची तक्रार कुठे करायची?

बापू६२:
त्याचा वेगळा धागा काढा की.

चाकणकरीण:
बाहेरचा टॅब पाहिला, खरंच `My Contacts only` होतं! आता बाहेरच्यांसाठी असं लिहिलंय:

"नमस्कार, मी सध्या रजेवर असून सोमवार, १ जून २०२६ रोजी पुन्हा रुजू होईन. बिले आणि खरेदी ऑर्डरसाठी कृपया खरेदी विभागाच्या सामायिक पत्त्यावर लिहावे. माझ्या पत्त्यावर आलेले मेल या काळात वाचले जाणार नाहीत."

शेवटचं वाक्य साहेबांना खटकतंय, "उद्धट वाटतं" म्हणतात.

खिडकीपलीकडे:
ठेवाच. ते काढलंत तर लोक तुमच्याच पत्त्यावर बिलं पाठवून वाट बघत बसतील. फार तर "कृपया वरील पत्त्यावर मेल पुन्हा पाठवावा" हे जोडा.

चाकणकरीण:
जोडते. सामायिक पत्ता रोज कोण उघडणार, हे मात्र अजून कुणी बोलत नाहीये.