रात्रीचा फोन आणि छापा-काटा : टिकलेल्या मर्यादांचे अनुभव

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी. फोनवरचा वेळ कमी करायचा प्रयत्न आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलाय. मला तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या उपायांबद्दल ऐकायचंय. तो उपाय टिकला, त्याचाच गुण आला, हे तुम्ही कशावरून ठरवलंत तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी शाळेत शिकवते. जूनमध्ये इन्स्टाग्रामला ३० मिनिटांचा टायमर लावला होता. वेळ संपली की चिन्ह करडं होतं आणि ॲप उघडत नाही. पण सेटिंगमध्ये जाऊन तोच टायमर वाढवायला दहा सेकंद पुरतात. अकराव्या दिवशी ३० चे ४५ केले, मग तास, मग काढूनच टाकला. त्या अकरा दिवसांतही एकूण वेळ जवळपास तेवढाच होता, कारण इन्स्टाची मिनिटं यूट्यूब शॉर्ट्सकडे गेली होती.

मग नीट पाहिलं तर माझा बराचसा वेळ रात्रीचा निघाला. भांडी आवरून अंथरुणावर पडलं की फोन हातात. म्हणून आता जानेवारीत दुसरं काही करून पाहिलं. रोज रात्री ९ वाजता नाणं उडवायचं. छापा पडला तर फोन स्वयंपाकघरात ओट्याजवळ चार्जिंगला, काटा पडला तर नेहमीसारखा उशाशी. १४ रात्री केलं. दिवसाचा एकूण वेळ कॅलेंडरवर लिहिला. छाप्याच्या दिवसांचा साधारण ३ तास १० मिनिटं, काट्याच्या दिवसांचा ३ तास २५. म्हणजे फरक फारसा नाही. पण छाप्याच्या रात्री मी लवकर झोपते हे मला स्पष्ट जाणवतंय. माझं मोजणं चुकतंय की जाणवणं?

पांझरा (धुळे)

ताई, इतकं मोजत बसायची गरज नाही. मी फोन कृष्णधवल केला आणि २१ दिवस तसाच ठेवला. सवय लागायला २१ दिवसच लागतात. रंग गेला की रील्स बघवत नाहीत. आता माझा वेळ निम्मा झालाय.

अभ्यासिका (धुळे)

पांझरा दादा, किती दिवस झाले? आणि बँकेचं ॲप, फोटो, हे बघायला रंग परत लावता का? मी लावायचो. एकदा लावला की काढायचं राहून जायचं. माझा कृष्णधवल फोन अशा रीतीने नवव्या दिवशी रंगीत झाला.

मी एमपीएससी करतो. गेल्या वर्षी पूर्वपरीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यात रोज सहा-सहा तास फोन चालला होता. तेव्हाच ॲप बंद करणारं एक ॲप टाकलं, पासवर्ड रूममेटकडे दिला. दुसऱ्या आठवड्यात वेळ साडेतीन तासांवर आला. मी सगळ्यांना सांगत सुटलो. रूममेट लग्नासाठी शहाद्याला गेला, त्याला फोन करून पासवर्ड घेतला आणि संपलं. पण वेळ साडेतीन तासच राहिला, सहावर गेला नाही! तेव्हा लक्षात आलं की निकालाचा आठवडाच वेगळा होता. काहीही केलं नसतं तरी तो आकडा खाली आलाच असता.

भुसावळकर

अभ्यासिका, हे तुम्ही स्वतःहून ओळखलंत, फार बरं वाटलं. माणूस उपाय करायला घेतो तोच मुळी सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा आपोआप जरा बरा जातो आणि श्रेय उपायाला मिळतं. आधी-नंतर अशी तुलना त्यामुळे फसवते. भडगावच्या ताईंनी नाणं उडवलं ते म्हणूनच योग्य.

मी आयुष्यभर पिकांच्या चाचण्यांवर काम केलं. नवं खत केळीच्या अख्ख्या बागेला देऊन गेल्या वर्षीच्या घडांशी तुलना केली, तर पाऊस, भाव, रोग सगळंच त्यात मिसळतं. म्हणून त्याच बागेत काही तुकड्यांना द्यायचं, काहींना नाही, आणि कोणत्या तुकड्याला द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. नाहीतर आपला हात आपसूक चांगल्या जमिनीकडे जातो. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेतांवर १९२० च्या दशकात हीच रीत बसवली. तुमची प्रत्येक रात्र म्हणजे एक तुकडा. नाणं नसतं तर तुम्ही दमलेल्या रात्री फोन ओट्यावर ठेवला असता आणि त्या रात्री तशाही लवकर झोपला असता.

आता चूक कुठे आहे ते सांगतो. फोनचा दिवस मध्यरात्री १२ ला संपतो, तुमची रात्र १२ ला संपत नाही. काट्याच्या रात्री साडेबारापर्यंत बघितलेली मिनिटं पुढच्या तारखेत जातात, आणि पुढच्या दिवशी छापा पडला असेल तर ती छाप्याच्या खात्यात लिहिली जातात. शिवाय दिवसभराचं शाळेचं व्हॉट्सॲप त्या एकूण आकड्यात मिसळलंय. बदल रात्रीत केलाय, तर रात्रच मोजा. ९ वाजता नाणं उडवताना फोनवरचा आकडा लिहून ठेवा. समजा २ तास १० मिनिटं आहेत. सकाळी उठल्यावर कालचा शेवटचा आकडा बघा, ३ तास २५. म्हणजे ९ ते १२ मध्ये ७५ मिनिटं गेली. त्यात आजच्या तारखेत पडलेली मिनिटं मिळवा, समजा २०. ती रात्र ९५ मिनिटांची.

दुसरं. छापा पडूनही एखाद्या रात्री फोन परत उशाशी आणलात, तरी ती रात्र छाप्यातच धरा. अशा रात्री वगळल्या तर उपाय आहे त्यापेक्षा गुणकारी दिसेल. तुम्हाला तर उपाय तुमच्या घरात, तुमच्या मोडण्यासकट चालतो का तेच बघायचंय.

पांझरा भाऊ, २१ दिवसांबद्दल. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला माणसाला किमान २१ दिवस लागतात. सवयीशी त्याचा संबंध पुढे लोकांनी जोडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला. कोणी जेवताना फळ खायचं ठरवलं, कोणी जेवणाआधी धावायचं. सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. अंदाज १८ दिवसांपासून २५४ पर्यंत पसरले होते. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. कृष्णधवल रंगाने फायदा होत नाही असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांचा वेळ त्याने थोडा उतरतो. तुमचा निम्मा झाला तो रंगामुळेच का, एवढंच अजून बघायचं राहिलंय.

पांझरा (धुळे)

एक महिना झालाय. बरोबर त्याच महिन्यात माझी रात्रपाळी बंद झाली, हेही आता आठवलं. पण मला फरक जाणवतो भो, मी रंग परत लावणार नाही.

पाचोऱ्याची सून

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मोबाईल दिल्याशिवाय जेवत नाही. एक तासाची मर्यादा लावली तर आजोबांचा फोन घेतो. कोणी मर्यादा टिकवून दाखवली आहे का?

गिरणाकाठ (भडगाव)

वहिनी, हा धागा आपल्या स्वतःच्या सवयींचा आहे, तरी तुमची अडचण खरी आहे. आजोबांचा फोन म्हणजे माझे शॉर्ट्सच. एक दार बंद केलं की पाणी दुसऱ्या दाराने वाहतं. मोजताना घरातले सगळे फोन आणि टीव्ही एकत्र धरा, नाहीतर त्याचा वेळ खरंच कमी झाला का ते कळणारच नाही.

रावेरचा केळीवाला

माझा प्रश्न वेगळा आहे. सकाळी सहापासून व्हॉट्सॲपवर केळीचे भाव, गाडीचे फोटो, मजुरांचे फोन. त्याच ॲपमध्ये नातेवाइकांचे व्हिडिओ. टायमर लावला तर धंदा बंद पडतो. ॲप एकच आहे, त्यात कामाची मिनिटं कोणती आणि वाया गेलेली कोणती हे वेगळं कसं करायचं?

भुसावळकर

मिनिटांनी ते वेगळं होत नाही, आणि माझ्याकडेही याचं चांगलं उत्तर नाही. मी तुमच्या जागी असतो तर मिनिटं सोडून फोन किती वेळा उघडला तेवढं मोजलं असतं, तेही संध्याकाळी गाडी भरून गेल्यानंतरचं. पण भाव पडत असतील तेव्हा तुम्ही दहादा बघणारच, आणि ते कामच आहे.

गिरणाकाठ (भडगाव), पाच आठवड्यांनी

भुसावळकर काका, तुम्ही सांगितलं तसं २८ रात्री केलं. छापा १३ वेळा, काटा १५ वेळा. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावून मधला घेतला. छाप्याच्या रात्रीचा ३५ मिनिटं, काट्याच्या रात्रीचा ९० मिनिटं. छापा पडूनही दोन रात्री फोन अंथरुणावर आणला होता, एकदा ८० मिनिटं, एकदा ११०. त्या छाप्यातच धरल्या आहेत.

एक गोष्ट लिहिण्यासारखी आहे. त्या दोन्ही रात्री मी फोन रील्ससाठी आणला नव्हता, सकाळचा अलार्म लावायला आणला होता. हातात आल्यावर राहिला. म्हणून गावातून अलार्मचं साधं घड्याळ आणलं. त्यानंतर छापा पडून फोन परत आणलेली एकही रात्र नाही. आता नाणं बंद केलंय, फोन रोज ओट्याजवळ असतो.

भुसावळकर

उत्तम. आता पहिला महिना विसरा. नवेपणाचा जोर असतो तेव्हा कोणताही उपाय चालतो. जूनमध्ये एक आठवडा परत असंच लिहा. आणि सकाळचा वेळ वाढला का तेही बघा, कारण रात्रीची मिनिटं कुठेतरी सरकलेली असू शकतात.

चोपड्याची सिस्टर

मी दवाखान्यात काम करते, रात्री कधीही बोलावणं येतं. फोन ओट्यावर ठेवून ऐकू आला नाही तर? माझं चालेल असं काही सुचवा.

गिरणाकाठ (भडगाव), जूनमध्ये

सिस्टर, आधी तुमचं. माझ्या जावेचंही असंच काम आहे. तिने डू नॉट डिस्टर्ब लावून फक्त दवाखान्याच्या दोन नंबरांना वाजायची मुभा दिली, आवाज पूर्ण ठेवला आणि फोन खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवला. पहिल्या दिवशी कोणाला तरी फोन करायला लावून झोपेच्या जागेवरून ऐकू येतो का ते तपासलं. तिने मोजलेलं नाही, त्यामुळे वेळ किती उतरला ते सांगता येत नाही.

आता माझं. मार्च, एप्रिल नीट गेला. मग आखाजीला माहेरी अमळनेरला गेले. आईकडे प्लग पलंगाच्या उशाशीच. चार रात्री फोन उशाशी, पहिल्याच रात्री दीड तास. घरी परतले तर उन्हाने घर तापलेलं, आम्ही सगळे गच्चीवर झोपायला लागलो. वीज जाते आणि जिन्यात अंधार असतो, म्हणून फोन विजेरीसारखा वर यायचा. मे महिन्याचे जवळपास तीन आठवडे असे गेले. माझी मर्यादा ओट्याला बांधलेली होती, आणि मी ओट्याजवळ नव्हते.

मग जिन्यात खिळ्याला बॅटरी टांगली, घड्याळ गच्चीवर नेलं. कुठल्याही घरात गेले तरी फोन दुसऱ्या खोलीत, आणि तिथे प्लग नसेल तर चार्जिंग न करता तिथेच, हे आईलाही सांगून ठेवलंय. या आठवड्यात मोजलं. सात रात्रींचा मधला आकडा ४० मिनिटं. सकाळचा मात्र १५ मिनिटांनी वाढलाय. शाळा सुरू झाल्यामुळे की रात्रीचं सकाळी सरकलं म्हणून, ते अजून कळत नाही. सोमवारपासून सकाळसाठी परत नाणं काढतेय.