शब्दचर्चा: रजेच्या अर्जाची ‘आठवण’ करून द्यायची की ‘विचारणा’ करायची?

अर्धविराम:
मंडळी, प्रश्न बारीकसा आहे पण सकाळपासून छळतोय. १ तारखेला रजेचा अर्ज टाकलाय, सोमवार १८ ते शुक्रवार २२, आज १२ उजाडली तरी ना होकार ना नकार. मधे ७ तारखेला चॅटवर नुसतं "सर, जेंटल रिमाइंडर" टाकलं होतं, त्याला निळ्या टिका आल्या आणि विषय तिथेच संपला. आता नीट मेल करायचाय, आमच्या टीममधे मेलामेली मराठीतच चालते. मी लिहिलंय ते असं: "सर, माझ्या रजेच्या अर्जाची आठवण करून देत आहे. तुम्ही अजून मंजुरी दिलेली नाही. कृपया लवकरात लवकर कळवा." शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं तर म्हणाली, उसने पैसे परत मागतोयस का? आता ‘आठवण करून देणे’ यात उद्धट काय आहे ते मला खरंच कळलं नाही. आणि तो शब्द नको तर मग कुठला?

गोमटेश्वर_नव्हे:
‘स्मरणपत्र’ लिही की सरळ. शुद्ध मराठी शब्द आहे, सगळ्या कचेऱ्यांत चालतो.

जुनी_वही:
चालतो हो, पण कुठून कुठे चालतो तेही बघा. मी आयुष्यभर टपाल आवक-जावक बघितलंय, स्मरणपत्र म्हटलं की पाठोपाठ स्मरणपत्र २ आणि स्मरणपत्र ३ डोळ्यासमोर येतात, म्हणजे तुम्ही मोजताय हे समोरच्याला कळतं. माहिती वेळेत आली नाही म्हणून एक ऑफिस दुसऱ्याला पाठवतं ते ठीक. स्वतःच्या पाच दिवसांच्या रजेसाठी साहेबांना स्मरणपत्र म्हणजे फाइल उघडल्यासारखं होतं.

‘आठवण करून देणे’चं म्हणाल तर शब्द वाईट नाही, पण त्यात "तुम्ही विसरलात" हे न लिहिता लिहिलेलं असतं. आईला औषधाची आठवण करून देतो तेव्हा चालतं कारण तिथे विसरणं हा आरोप नसतो. साहेब कदाचित विसरलेले नसतीलच, त्याच आठवड्यात आणखी कोणाची रजा असेल आणि ते जुळवत बसले असतील. म्हणून मी ‘विचारणा’ म्हणेन. विचारणाऱ्याला माहीत नसतं, एवढाच तिचा अर्थ. ‘चौकशी’ मात्र नको, त्या शब्दामागे समिती येते.

टिंबटिंब:
माझंही अगदी हेच झालं होतं!! मी रजा मागितली, साहेब म्हणाले "बघू", मी तिकिटं काढली आणि आदल्या दिवशी म्हणतात कुठे चाललीस. तेव्हापासून मी ‘बघू’ हा शब्द नकारार्थी धरते. तू सरळ तिकिटं काढून मोकळा हो आणि कळव, विचारत बसलास की नाहीच म्हणतात.

अर्धविराम:
ताई, तिकिटाचं नाही ओ, शब्दाचं विचारतोय :)

पाणिनीचा_शेजारी:
एवढा काथ्याकूट कशाला. मौनं सम्मतिलक्षणम्. "१५ तारखेपर्यंत उत्तर न आल्यास रजा मंजूर आहे असे गृहीत धरतो" असं लिहून टाक, नम्रही आहे आणि काम पण होतं. आणि शब्दच बघायचे तर ‘रजा’ मूळ अरबी, अर्थच संमती.

जुनी_वही:
रजाचं बरोबर सांगितलंत, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं ना. रजा म्हणजे मुळात संमती, राजीखुशी, म्हणजे ती समोरच्याने द्यायची गोष्ट, आपण गृहीत धरून घ्यायची नव्हे. गंमत म्हणजे ‘मंजूर’ हा ‘नजर’च्याच घरातला शब्द आहे, मुळात अर्थ ‘पाहिलेला’. अर्धविरामच्या सरांनी मेसेज पाहिलाय, म्हणजे मुळाप्रमाणे गेलं तर रजा कधीच मंजूर झालीय :) पण आज मराठीत पाहिलेला वेगळा आणि मंजूर वेगळा, निळ्या टिकेवर कोणी घरी बसत नाही.

‘गृहीत धरतो’ तर अजिबात लिहू नका. वाक्याला कितीही ‘कृपया’ लावा, ती मुदत घालणारी नोटीस आहे. शिवाय त्याने हाती काही लागत नाही. उद्या गैरहजेरी लागली तर तुमच्याकडे तुमचंच वाक्य असणार, त्यांचं नाही.

पाणिनीचा_शेजारी:
काही सिस्टिममधे ठरावीक दिवसांत कोणी हात लावला नाही तर अर्ज आपोआप मंजूर होतो, हे मी स्वतः पाहिलंय.

लॉगिन_विसरले:
होतो, जिथे तसं सेटिंग ठेवलंय तिथे. उलटही असतं, मुदत गेली की अर्ज आपोआप रद्द. मी मनुष्यबळ खात्यात आहे म्हणून शब्दांच्या आधी एक सांगते, मेल लिहिण्यापूर्वी अर्जाची स्थिती उघडून बघ. ‘प्रलंबित’ लिहिलंय का, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या नावावर प्रलंबित आहे. अर्ज जतन झाला पण सादरच झाला नाही, किंवा बदली होऊन गेलेल्या जुन्या साहेबांच्या रांगेत पडून आहे, हे इतक्या वेळा बघितलंय मी. आणि माणूस इकडे नव्या साहेबांवर रुसून बसलेला असतो.

अर्धविराम:
बघितलं. प्रलंबित आहे, सरांच्याच नावावर. म्हणजे "अर्ज पोचला का" असं विचारू का? ते तरी आरोप वाटत नाही.

लॉगिन_विसरले:
नको. पोचलाय हे तुला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, मग प्रश्न खोटा पडतो आणि खोटी नम्रता लगेच कळते.

जुनी_वही:
सहमत. आता मूळ मसुद्याकडे येतो, कारण माझ्या मते ‘आठवण’पेक्षा दुसरं वाक्य जास्त टोचतं. "तुम्ही अजून मंजुरी दिलेली नाही." यात कर्ता ‘तुम्ही’ आणि शेवटी ‘नाही’, म्हणजे बोट थेट छातीवर. तेच "अर्ज अजून प्रलंबित दिसतोय" म्हणून बघा. कर्ता अर्ज झाला, साहेब वाक्यातून बाहेर आले. आणि ‘आहे’ऐवजी ‘दिसतोय’, हे मराठीचं फार सोयीचं क्रियापद आहे, मला असं दिसतंय पण माझं बघणं चुकीचंही असेल एवढी जागा ते ठेवतं. साहेबांनी कालच बटण दाबलं असेल आणि सिस्टिम मागे असेल तर कोणाचंच नाक कापलं जात नाही.

तिसरं वाक्य ‘लवकरात लवकर’. ऐकायला घाई, पण त्यात तारीखच नाही. उलट भिडेपोटी लोक ‘आपल्या सवडीने कळवा’ लिहितात, तेही इथे वाईट, कारण त्यांची सवड २० तारखेला झाली तर?

टिंबटिंब:
पण तारीख टाकली की परत नोटीस नाही का होत? आत्ताच म्हणालात.

जुनी_वही:
चांगलं पकडलंत. फरक त्या तारखेनंतर काय लिहिता त्यात आहे. "१४ पर्यंत न कळल्यास मी असं समजेन", ही धमकी. "१४ पर्यंत कळलं तर शुक्रवारी काम नीट सोपवून जाता येईल", ही सोय, आणि तीही त्यांची. ‘न कळल्यास’ आणि ‘कळलं तर’ एवढाच बदल. कारण मात्र खरं पाहिजे, ओढूनताणून आणलेलं नको.

आणि ‘पर्यंत’ हा शब्द दगा देतो. १४ पर्यंत म्हणजे १४ धरून की १३ला संपलं? मी यावर भांडणं बघितलीत. गुरुवारी १४ला संध्याकाळपर्यंत, असं वार लावून लिहा. रजेचंही तसंच, १८ ते २२ दोन्ही दिवस धरून आणि २५ला कामावर हजर, असं लिहिलं की परत प्रश्न येत नाही.

अर्धविराम:
बरं, मग असं?

"सर, नमस्कार. सोमवार १८ ते शुक्रवार २२ (दोन्ही दिवस धरून) या रजेसाठी मी १ तारखेला अर्ज केला होता, तो अजून प्रलंबित दिसतोय म्हणून विचारत आहे. गुरुवारी १४ला संध्याकाळपर्यंत कळलं तर शुक्रवारी महिन्याच्या रिपोर्टचं काम सहकाऱ्याला समजावून देता येईल, त्याच्याशी बोलणं झालंय. तारखांची काही अडचण असेल तर तसंही सांगा, मी भेटायला येतो. सोमवार २५ला कामावर हजर असेन."

‘कृपया’ कुठेच बसलं नाही, चालेल का?

गोमटेश्वर_नव्हे:
कृपया पाहिजेच. आणि शेवटी "ही नम्र विनंती". नाहीतर पत्र उघडं वाटतं.

लॉगिन_विसरले:
मला नाही वाटत. ‘कृपया’ आलं की पुढे ‘करावे’, ‘कळवावे’ येतं आणि पत्र सूचनाफलकासारखं होतं, कृपया चपला बाहेर काढाव्यात. इथे ‘कळलं तर’ आणि ‘म्हणून विचारत आहे’ यांनी काम झालंय. पण तुमचे सर जुन्या वळणाचे असतील तर घाला बापडे, त्याने बिघडत काही नाही. ‘अडचण असेल तर तसंही सांगा’ हे मात्र अजिबात काढू नकोस. काही साहेब गप्प बसतात ते नाही म्हणणं जड जातं म्हणून, त्यांना नकाराची वाट मोकळी करून दिली की तारीख बदलून का होईना, उत्तर येतं.

जुनी_वही:
‘हजर असेन’ ऐवजी ‘रुजू होईन’ असं मी लिहिलं असतं, पण ते माझं वय बोलतंय. आणि विषयात नुसतं ‘रजा’ नको, "रजेचा अर्ज, १८ ते २२: विचारणा" असं लिहा, शंभर मेलांत तेवढंच वाचलं जातं. ‘तातडीचे’ वगैरे वर लावू नका.

पाणिनीचा_शेजारी:
‘पाठपुरावा’ कोणी घेतलाच नाही विषयासाठी. चांगला शब्द आहे.

जुनी_वही:
चांगला, पण पाठ पुरवणे म्हणजे पाठलाग करणे. मी अर्जाचा पाठपुरावा केला असं मित्राला सांगावं, ज्याचा केला त्याला नाही. तगाद्याचं तर बोलूच नका, तो सावकाराचाच.

अर्धविराम:
अपडेट. काल दुपारी पाठवला (‘कृपया’ न घालता, सॉरी गोमटेश्वर). आज सकाळी चॅटवर एका शब्दात उत्तर आलं: "चालेल". सिस्टिममधे अजून प्रलंबितच. आता ‘चालेल’ म्हणजे मंजूर का?

पाणिनीचा_शेजारी:
म्हणजे काय! हो आहे तो सरळ.

टिंबटिंब:
मला ‘बघू’ आठवलं :(

लॉगिन_विसरले:
‘चालेल’ होकारच आहे, पण पगार काढणाऱ्याला चॅट दिसत नाही, त्याला सिस्टिममधलं दिसतं. आजच त्याच मेलच्या धाग्यात लिही: "आभारी आहे सर. चालेल म्हणालात त्याप्रमाणे शुक्रवारी काम सोपवतो. सिस्टिममधेही एकदा मंजूर करता येईल का?"

जुनी_वही:
फक्त ‘म्हणालात त्याप्रमाणे’ जरा काढून बघा. पुरावा दाखवल्यासारखं वाटतं.

लॉगिन_विसरले:
पुरावाच आहे तो, म्हणूनच ठेवायचा :)

अर्धविराम:
ठेवतोय. पण ‘करता येईल का’च्या जागी ‘कराल का’ लिहू का याच्यावर आता अडलोय, जेवण झालं की येतो.