शब्दचर्चा: नाईन ऑफ कप्स आणि सन, ‘समाधानी’ म्हणावं की ‘सुस्तावलेले’?

विजापूरवेस
टॅरो रीडिंग मराठीतून लिहून देताना एका जोडप्यापाशी शब्द अडलाय. तीन कार्डांचा स्प्रेड आहे. डावीकडे तिची बाजू, उजवीकडे त्याची, मध्ये दोघांचं नातं. तिच्या जागी नाईन ऑफ कप्स, त्याच्या जागी सन, मध्ये फोर ऑफ पेंटॅकल्स. तिन्ही सरळ. डेक नेहमीचा, रायडर-वेट. लग्नाला बरीच वर्षं झालीत आणि प्रश्न एवढाच होता, “आमचं बरं चाललंय ना?”

नुसतं ‘समाधान’ लिहिलं तर अर्धंच सांगितल्यासारखं वाटतं. मला म्हणायचंय की समाधान खरं आहे, पण त्याच्या आडून ढिलाई शिरलीय का ते तपासा. कोशातलं ‘आत्मसंतुष्टता’ लिहिलं तर दोघांना वाटेल आपल्याला गर्विष्ठ म्हटलं. सोलापुरात लोक रोज बोलतात असा शब्द हवा.

कडकऊन
यात तपासायचं काय आहे? नाईन ऑफ कप्स म्हणजे इच्छापूर्तीचं कार्ड आणि सन म्हणजे ठणठणीत ‘हो’. ढिलाई असती तर नाईन ऑफ कप्स उलटं आलं असतं. सरळ ‘सुखी’ लिहा आणि मोकळ्या व्हा. उगीच माणसांच्या डोक्यात किडा सोडू नये.

जुना_डेक
कडकऊन, सनबद्दल तुमचं बरोबर आहे. हा डेक रचणाऱ्या वेटनं सनच्या अर्थात ‘समाधान’ आणि ‘सुखी विवाह’ दोन्ही दिलेत. उलट्या सनलाही त्यानं तेच अर्थ दिलेत, फक्त कमी प्रमाणात. म्हणजे त्या कार्डात तरी दोष शोधायला जाऊ नये.

पण उलटं नाईन ऑफ कप्स म्हणजे ढिलाई, हे काही पटत नाही. वेटच्या यादीत उलट्या अर्थाखाली सत्य, निष्ठा, मोकळीक असे शब्द आहेत आणि त्यांच्या जोडीला चुका आणि उणिवा. ढिलाई दिसते ती सरळ कार्डाच्या चित्रातच. 1909 च्या डेकमधलं पामेला कोलमन स्मिथचं चित्र समोर ठेवून बघा. बाकावर बसलेला खाऊनपिऊन सुखी माणूस, हाताची घडी, मागे निळ्या कापडावर कमानीसारखे मांडलेले नऊ कप. कप त्याच्या पाठीशी आहेत. तो त्यांच्याकडे बघत नाही आणि त्यातला एकही कुणाला देत नाही.

आता त्याच डेकमधलं फोर ऑफ कप्स शेजारी ठेवा. झाडाखाली बसलेल्या त्या तरुणाचीही हाताची घडीच आहे. ढगातून एक हात त्याच्यापुढे कप धरतोय आणि त्याचं लक्ष नाही. एक तृप्त, दुसरा कंटाळलेला, पण बसण्याची ढब एकच. म्हणून जोडप्याच्या रीडिंगमध्ये नाईन ऑफ कप्स आलं की मी आधी हातांकडे बघतो.

सनचं बरोबर उलट आहे. उघडं मूल घोड्यावर, हात पसरलेले, लगाम नाही, हातात लाल निशाण, भिंतीमागे सूर्यफुलं. ते चालतं कार्ड आहे. एक बसलेलं सुख आणि एक चालतं सुख, हे तुमच्या स्प्रेडचं पहिलं वाचन.

नवीपेठ
मला पण नाईन ऑफ कप्सच आलंय! मिस्टरांच्या बदलीचं विचारलं होतं. इच्छापूर्ती म्हणताय तर बदली सोलापूरलाच होईल ना? किती दिवसांत?

जुना_डेक
ताई, इथं शब्दाची चर्चा चाललीय. तरी सांगतो, या कार्डावरून दिवस काढू नका. आणि इच्छा कुणाची, तुमची की मिस्टरांची, ते आधी ठरवा. या धाग्यातला घोळही तोच आहे.

शब्दवेडी
टॅरो मला कळत नाही, शब्दांपुरतं बोलते.

‘तृप्ती’ पोटाच्या जवळची आहे, ढेकर दिल्यावरची. नऊ कपवाल्याला ती चपखल बसते. ‘समाधान’ त्याहून रुंद आहे, कमी असलं तरी होऊ शकतं. ‘निर्धास्त’ मध्ये दोष नाही, तिथं फक्त भीती नसते. ‘गाफील’ म्हटलं की समोर धोका किंवा शत्रू उभा राहतो, नवराबायकोत तो शब्द नको. ‘बेफिकीर’ तर सरळ आरोप झाला. ‘सुस्तावणं’ बरं आहे, कारण आधी पोटभर मिळालंय हे त्यात मान्य केलेलं असतं. पण सुस्ती झोप झाली की जाते, तेवढा तो शब्द हलका पडतो.

मग उरतं ‘गृहीत धरणं’. यात एक गोष्ट बघा. ‘मी समाधानी आहे’ हे वाक्य एकट्यानं पूर्ण होतं. ‘मी गृहीत धरते’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाला? या क्रियापदाला कर्म लागतंच. विजापूरवेस, तुमच्या कार्डांत ते कर्म कुठे दिसतं?

जुना_डेक
कार्ड न शिकता नेमकं बोट ठेवलंत. ते कर्म कार्डांत नाहीच! नाईन ऑफ कप्समध्ये माणूस एकटा आहे, सनमध्ये मूल एकटं आहे. या डेकमध्ये जोडी बघायची तर टू ऑफ कप्स, टेन ऑफ कप्स, लव्हर्स. जुन्या मार्से डेकच्या सूर्याखाली मात्र भिंतीपुढे दोघं उभी असतात. तो डेक वापरला असता तर हेच कार्ड जोडप्यासाठी वेगळं वाचलं असतं.

तेव्हा इथं दोघंही सुखी आहेत, पण ज्याचं त्याचं. मधलं कार्ड त्यावर काय म्हणतं? फोर ऑफ पेंटॅकल्सचा माणूस एक नाणं छातीशी कवटाळून बसलाय, एक डोक्यावर, दोन पायांखाली. उठला तर काहीतरी पडणारच. या नात्यात आहे ते सांडू नये म्हणून कुणी हलत नाही, असं मी वाचेन.

कडकऊन
किंवा घराचे हप्ते चालू असतील आणि दोघं काटकसर करत असतील. पेंटॅकल्स म्हणजे पैसा. काटकसरीला ढिलाई म्हणायचं का?

जुना_डेक
हेही होऊ शकतं, आणि ते कार्डावरून ठरणार नाही. जोडप्यालाच विचारावं लागेल. पण “तुम्ही एकमेकांना गृहीत धरता का?” असं विचारलंत तर दोघंही नाही म्हणतील आणि रीडिंग तिथंच संपेल. तिला विचारा, त्याच्या अलीकडच्या दिवसांतली कामावरची एक गोष्ट सांग. त्याला विचारा, तिचं सध्या काय चाललंय. उत्तर सांगताना दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. तपशील आला, म्हणजे कुणाशी वाजलं, कुठलं काम रखडलंय, तर समाधान जागं आहे. “नेहमीचंच की” एवढंच आलं तर नऊ कपवाल्याची घडी आठवा.

त्यानंतरही शंका राहिली तर एकच जास्तीचं कार्ड काढा, प्रश्न आधी उच्चारून: “दोघांकडून काय करायचं थांबलंय?” एकच. दुसरं, तिसरं काढत बसलात तर मनातलं उत्तर मिळेपर्यंत हात थांबत नाही, आणि सन कुठल्या कुठे जातं.

शब्दवेडी
उत्तरं ऐकताना क्रियापदाचं रूपही ऐका. ‘गड्ड्याच्या जत्रेला दोघं जातो’ आणि ‘दोघं जायचो’. ‘रात्री जेवण झाल्यावर बोलतो’ आणि ‘बोलायचो’. समाधानी माणसं वर्तमानात बोलतात. जिथं गोडी सांगताना सगळी वाक्यं जायचो, करायचो, हसायचो अशी येतात, तिथं सुख साठवणीतलं असतं.

विजापूरवेस
हे फार उपयोगी आहे. त्यांच्या बोलण्यात ‘जायचो’ दोनदा तरी आलंय, माझ्या टिपणात आहे.

कडकऊन
थांबा. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं, एकाची रात्रपाळी असली, तरी ‘जायचो’च म्हणणार. व्याकरणावरून कुणाचा संसार तपासायचा नसतो.

शब्दवेडी
बरोबर. म्हणून लगेच विचारायचं, “आता का नाही?” कारण ठोस आलं, रात्रपाळी, दुखणं, लेकराची दहावी, तर ती अडचण आहे. “का म्हणजे, असंच” आलं तर पुढे बोलायला जागा आहे. तेवढ्यावर शिक्का मात्र मारू नका.

नवीपेठ
पण सन चांगलं कार्ड कसं हो? सोलापूरच्या मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा जातो, ऊन बघूनच जीव घाबरा होतो.

जुना_डेक
हसू आलं, पण मुद्दा आहे. इथं लिहून देताना ‘सूर्याची प्रखरता’ असले शब्द टाळावेत, वाचणारा चटका समजतो. चित्रात उघडं मूल बिनधास्त बसलंय. ‘कोवळं ऊन’ लिहा, किंवा ‘मोकळेपणा’. आणि त्याच्या जागी सन आलंय म्हणून तो निर्दोष आणि ती आळशी, असं अजिबात लिहू नका. सनचीही एक बाजू असते. मूल मागे वळून बघत नाही. मजेत असलेला माणूस घरी सगळं ठीकच आहे असं धरून चालतो.

कडकऊन
आता सनमध्येही खोट काढलीत! वर म्हणालात त्यात दोष शोधू नये.

जुना_डेक
सापडलो. कार्डाचा अर्थ शुभच आहे. एका व्यक्तीच्या जागी बसलं की त्या व्यक्तीला काय दिसत नाही तेही वाचावं लागतं, असं माझं मत. बरेच वाचक हे मानत नाहीत.

विजापूरवेस
मसुदा केलाय, बघा: “तुमच्या दोघांत समाधान आहे, ते खरं आहे. मात्र ते आपापल्या जागी बसून आहे. एकमेकांना गृहीत धरलं जातंय का, हे दोघांनी एकदा बोलून बघावं. पूर्वी दोघं मिळून करायचात त्यातली एक गोष्ट या महिन्यात पुन्हा करा.”

शब्दवेडी
‘धरलं जातंय’ काढा. त्या रूपात धरणारा गायब होतो. ‘आपण एकमेकांना गृहीत धरतोय का’ लिहा. ‘आपण’ मुळे बोट कुणा एकाकडे जात नाही.

कडकऊन
‘बसून आहे’ पण काढा. रिकामटेकडं वाटतं.

विजापूरवेस
‘आपण’ घेतलं. ‘बसून आहे’ ठेवतेय, नऊ कपवाला बसलेलाच आहे. आणि हप्त्यांचं त्यांना विचारलं. हप्ते आहेत म्हणाले, पण ‘असंच’ सुद्धा म्हणाले.