दशांश स्वल्पविरामाच्या फाईलमध्ये डिलिमिटर आधी ओळखावा की आधीच ठरवून द्यावा?

मिरकरवाडीकर

रत्नागिरीतील एका मासळी प्रक्रिया प्रकल्पात शीतगृहांच्या तापमानाच्या नोंदी एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आहे. चारपैकी तीन लॉगर युरोपीय पद्धतीने फाईल लिहितात, चौथा आपल्याकडील पद्धतीने. म्हणून मी पायथनच्या `csv.Sniffer` ने डिलिमिटर आधी ओळखतो, मग फाईल वाचतो आणि शेवटच्या स्तंभाचा आलेख काढतो. 3 जूनपासून दोन नंबरच्या शीतगृहाचा आलेख शून्य ते नऊ अंशांमध्ये उड्या मारत आहे, पण आतील मासळी दगडासारखी गोठलेली आहे. त्रुटीचा एकही संदेश आला नाही. ओळखण्याची ही पद्धतच सोडून द्यावी का?

```
03.06.2024 14:10;-18,4;-19,1
03.06.2024 14:20;-18,6;-19,0
03.06.2024 14:30;-18,2;-18,7
```

खाडीकाठ

सोडूनच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लॉगर चारच आहेत आणि ते रोज बदलत नाहीत. प्रत्येकाचा डिलिमिटर आणि दशांश चिन्ह एका छोट्या तक्त्यात लिहून ठेवले, तर यंत्राला अंदाज करण्याची वेळच येणार नाही. `pandas.read_csv` ला `sep=";"` आणि `decimal=","` दिले की काम संपले. जी गोष्ट माणसाला ठाऊक आहे, ती यंत्राने ओळखावी हा हट्ट कशासाठी?

देवगडचा बागायतदार

माझाही हाच अनुभव आहे. हापूसच्या पेट्यांच्या वजनाची फाईल परदेशी खरेदीदाराकडून येते, ती एक्सेलमध्ये उघडली की सगळे पहिल्याच स्तंभात कोंबलेले दिसते. मी नोटपॅडमध्ये आधी सर्व स्वल्पविरामांचे टिंब करतो आणि नंतर अर्धविरामांचे स्वल्पविराम करतो. एकदा घाईत हा क्रम उलटा झाला आणि पूर्ण फाईल टिंबांची रांगोळी होऊन बसली.

दाभोळची खाडी

बागायतदार, आपला प्रश्न वेगळा आहे. एक्सेल विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधील चिन्ह धरून चालते, ते काही ओळखायला जात नाही. मूळ प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: `sniff(namuna, delimiters=";,")` असे लिहावे, म्हणजे निवड दोनच चिन्हांपुरती राहील आणि यंत्र बरोबर चिन्ह निवडेल.

वेंगुर्लेकर

दाभोळची खाडी, निवड दोन चिन्हांपुरती राहील हे खरे, पण या फाईलवर उत्तर तरीही स्वल्पविरामच येईल. अवतरणचिन्हे नसलेल्या फाईलमध्ये `Sniffer` प्रत्येक चिन्ह ओळीगणिक किती वेळा येते ते मोजतो आणि ज्याची संख्या ओळीमागून ओळ सारखी राहते त्याला उमेदवार धरतो. वरील प्रत्येक ओळीत अर्धविराम दोन आहेत आणि स्वल्पविरामही दोनच आहेत. बरोबरी झाली की तो आपल्या पसंतीच्या यादीकडे वळतो, आणि त्या यादीत स्वल्पविराम पहिला, टॅब दुसरा आणि अर्धविराम तिसरा आहे.

आता पहिली ओळ स्वल्पविरामावर तोडून पाहा. `03.06.2024 14:10;-18`, नंतर `4;-19`, आणि शेवटी `1` असे तीन तुकडे होतात. अर्धविरामावर तोडली असती तरी तुकडे तीनच झाले असते, त्यामुळे स्तंभांची संख्या तपासणारी कोणतीही चाचणी येथे गप्प राहते. हा योगायोग नाही: पहिला स्तंभ वेळेचा आणि पुढचे सगळे दशांशाचे असतील, तर दोन्ही चिन्हांची संख्या नेहमी सारखीच येणार. मिरकरवाडीकर आलेखात जे पाहत आहेत, तो दुसऱ्या संवेदकाच्या तापमानाचा केवळ दशांश अंक आहे, म्हणून तो शून्य ते नऊ यांच्या बाहेर जात नाही. मधला स्तंभ आलेखात घेतला असता, तर `4;-19` वर `float` लगेच अडले असते.

एक विचारतो: 3 जूनच्या आधी फाईलमध्ये शीर्षकाची ओळ होती का?

मिरकरवाडीकर

होती. `Zeit;T1;T2` अशी. 2 जूनला लॉगरची देखभाल झाली, त्यानंतर ती येत नाही. मासेमारी बंदीमुळे नवा माल येत नव्हता, म्हणून आठवडाभर कोणी आलेखाकडे पाहिलेही नाही.

वेंगुर्लेकर

मग तीच ओळ आपल्याला वाचवत होती. पहिल्या दहा ओळींत शीर्षकाची ओळ धरली, तर नऊ ओळींत दोन स्वल्पविराम आणि एकीत शून्य. विसंगत ओळ वजा होऊन दहापैकी आठ उरतात, आणि `Sniffer` ला किमान नऊदशांश सातत्य लागते. अर्धविराम मात्र दहाही ओळींत दोन असल्याने एकटाच उरत होता. शीर्षक `Zeit;T1, °C;T2, °C` असे असते, तर त्यातही दोन स्वल्पविराम आले असते आणि ही चूक पहिल्याच दिवशी झाली असती.

खाडीकाठ

म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले. देखभाल करणाऱ्याच्या एका टिचकीवर जे अवलंबून आहे, त्याला ओळखणे म्हणत नाहीत.

वेंगुर्लेकर

अर्धेच सिद्ध झाले. उद्या त्याच माणसाने लॉगरची भाषा इंग्रजी केली आणि फाईल `-18.4,-19.1` अशी येऊ लागली, तर आपला तक्ताही तितकाच आंधळा ठरेल, फक्त निराळ्या दिशेने. माझ्या मते चूक आधी ओळखण्यात नसून डिलिमिटर एकटा ओळखण्यात आहे. डिलिमिटर आणि दशांश चिन्ह यांची जोडी एकत्र तपासावी, आणि सगळे स्तंभ खरोखर आकडे ठरतात का ते पाहावे.

```python
import re
JODYA = [(";", ","), (";", "."), (",", ".")]

def julte(oli, sep, dec):
    akda = re.compile(r"-?\d+(" + re.escape(dec) + r"\d+)?")
    return all(
        len(f) == 3 and all(akda.fullmatch(x) for x in f[1:])
        for f in (o.split(sep) for o in oli))
```

आपल्या फाईलवर पहिलीच जोडी टिकते. तिसरी `4;-19` वर पडते आणि दुसरी `-18,4` वर. एकही जोडी टिकली नाही, तर फाईल बाजूला ठेवून माणसाला कळवावे.

दाभोळची खाडी

माझी चूक मान्य आहे. मात्र आपल्या फंक्शनला रिकामी यादी दिली, तर `all` खरेच म्हणेल आणि तिन्ही जोड्या टिकतील. आणि सगळी तापमाने पूर्णांकात आली, तर पहिल्या दोन जोड्या एकदमच टिकतात.

वेंगुर्लेकर

रिकाम्या यादीचा मुद्दा बिनतोड आहे, ती तपासणी आधी घालावीच लागेल. पूर्णांकांचे मात्र भय नाही, कारण दोन्ही जोड्या तेव्हा एकच मूल्य देतात.

देवगडचा बागायतदार

माझ्या फाईलमध्ये `1.250` असे वजन येते. ते सव्वा किलो की साडेबाराशे किलो, हे या पद्धतीने कळेल का?

वेंगुर्लेकर

नाही. तेथे टिंब हजारांचे की दशांशाचे, हे त्या एका आकड्यावरून कोणालाच कळणार नाही. फाईलमध्ये कोठे `1.250,50` असे दिसले तर उलगडा होईल, नाहीतर खरेदीदारालाच विचारावे लागेल.

खाडीकाठ

आणि विचारून जे कळेल, ते आपण तक्त्यातच लिहाल ना?

मिरकरवाडीकर

मी तक्ता ठेवतो आणि ही तपासणी त्याच्यावर पहारेकरी म्हणून बसवतो. दोघांचे जमले नाही, तर फाईल थांबेल. एकच अडचण उरते: संवेदकाची वायर सुटली की लॉगर `---` लिहितो, आणि मग एका ओळीपायी दिवसभराची फाईल अडेल. `---` चालवून घ्यावे, तर मोडलेला संवेदक महिनाभर कोणाच्या लक्षात येणार नाही.

खाडीकाठ

अडू द्या. शीतगृहाची फाईल आहे, वायर सुटल्याचे त्याच दिवशी कळायला हवे.

वेंगुर्लेकर

मी अडवणार नाही. जोडी ठरवताना `---` असलेल्या ओळी वगळाव्यात आणि त्यांची संख्या आलेखाखाली छापावी. किती संख्येवर घंटा वाजवायची, हे शीतगृहाचा पर्यवेक्षक सांगेल.